बढतीचं अभिनंदन: ‘आदरणीय’वाला मेल की ‘नमस्कार मॅडम’वाला?

वरिष्ठ मॅनेजरला बढती मिळाली की मेलचे दोन मसुदे डोक्यात येतात. मी दोन्ही प्रकार पाठवले आहेत.

पहिला पूर्ण औपचारिक: ‘आदरणीय मॅडम, आपल्या पदोन्नतीबद्दल हार्दिक अभिनंदन. आपल्या कुशल नेतृत्वाखाली विभाग नवी शिखरे गाठेल अशी खात्री आहे. आपला विश्वासू.’ यात चुकण्यासारखं काही नाही. ज्यांच्याशी कधी थेट काम केलं नाही, अशा दोन पायऱ्या वरच्या अधिकाऱ्याला मी आजही असाच मेल पाठवेन. ओळख नसताना दाखवलेली जवळीक खटकते.

पण रोजच्या कामातल्या मॅनेजरला हा मेल पाठवताना मला एक गोष्ट सतत टोचायची. नाव बदललं की तोच मेल कोणालाही चालतो. त्या दिवशी त्यांच्याकडे असेच ढीगभर मेल आलेले असतात. उत्तरही ठरलेलं, ‘धन्यवाद’. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

दुसरा मसुदा असा: ‘नमस्कार मॅडम, नव्या जबाबदारीबद्दल मनापासून अभिनंदन. ऑडिटच्या वेळी तुम्ही आधी आमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलंत आणि मगच बैठकीत बाजू मांडलीत. तेव्हापासून मीही अहवाल पाठवण्याआधी टीमशी बोलून घेतो. नव्या कामासाठी शुभेच्छा.’ चारच वाक्यं, पण ती दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाहीत. अशा मेलला मला बहुतेक वेळा दोन-तीन ओळींचं उत्तर आलं आहे, त्या प्रसंगाची आठवण काढणारं.

यातली खरी अडचण मोकळेपणाची नाही, कौतुकाच्या दिशेची आहे. ‘तुम्ही या पदाला अगदी योग्य आहात’ हे वाक्य प्रेमानं लिहिलेलं असलं तरी कनिष्ठानं वरिष्ठाला गुण दिल्यासारखं वाचलं जातं. म्हणून त्यांनी काय केलं आणि त्यामुळे माझ्या कामात काय बदललं, एवढंच लिहावं. ‘इतरांपेक्षा तुम्हीच’ असं तर अजिबात नको. त्याच पदाची वाट पाहणारं दुसरं कोणी असू शकतं, आणि मेल पुढे पाठवला जाऊ शकतो. त्यामुळे प्रसंगही असा निवडावा की तो कोणीही वाचला तरी कोणाची अडचण होऊ नये. बंद दाराआडचे वाद तिथे नकोत.

संबोधनाचा घोळ वाटतो तेवढा मोठा नाही. समोरासमोर ‘तुम्ही’ म्हणत असाल तर मेलमध्ये एकदम ‘आपण’ आणल्यानं आदर वाढत नाही, अंतर मात्र वाढतं. तुमच्या ऑफिसात लेखी व्यवहार कडक असेल तर ‘आपण’ ठेवा, पण प्रसंगाचं वाक्य गाळू नका.

मेल अधिकृत घोषणेनंतरच पाठवावा, आणि सर्वांना गेलेल्या घोषणेच्या धाग्यात नव्हे, स्वतंत्रपणे. रजेचं किंवा प्रलंबित मंजुरीचं काम असेल तर ते दुसऱ्या मेलमध्ये, शक्यतो दुसऱ्या दिवशी.