फिक्स्ड की फ्लोटिंग? तीस लाखांच्या गृहकर्जाचा हिशेब

समजा, एप्रिल 2022 मध्ये 20 वर्षांसाठी 30 लाखांचं गृहकर्ज घ्यायचंय. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 टक्के होता. त्यावर बँकेचे 2.65 मिळवले की फ्लोटिंग दर 6.65 टक्के आणि हप्ता साधारण 22,630 रुपये. शेजारच्या काउंटरवर फिक्स्ड 8.25 टक्क्यांनी, हप्ता 25,560. महिन्याला जवळपास तीन हजार वाचताना कोण फिक्स्ड घेणार? (दोन्ही दर उदाहरणापुरते, रेपो मात्र खरा.)

मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला घेतला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.5 वर नेला. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावाच लागतो, त्यामुळे एप्रिल 2023 मध्ये आपला दर 9.15 झाला. हप्ता वाढवला नव्हता, मुदत वाढत होती, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्टेटमेंट मात्र बोलतं: 22,630 पैकी सुमारे 22,600 व्याजात आणि मुद्दलात जेमतेम तीस-पस्तीस रुपये! या वेगाने कर्ज फिटायला सत्तर वर्षं लागली असती. मूळ मुदतीत फेडायचं तर हप्ता 27,460 वर जातो. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की असा दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारा.

फिक्स्डवाला या काळात 25,560 भरत निवांत होता. ठेवींवर जास्त व्याज मोजूनही कर्जावर तेच 8.25 मिळाल्याने झळ बँकेला बसली. ती धास्ती बँक आधीच धरून चालते, म्हणून फिक्स्डचा दर मुळातच चढा असतो. शिवाय बरीच ‘फिक्स्ड’ कर्जं दोन-तीन वर्षांपुरतीच फिक्स्ड असतात. करारात रीसेटचं, म्हणजे दर नव्याने ठरवण्याचं कलम शोधा, ते बारीक अक्षरांत असतं.

2025 मध्ये वारं उलटं फिरलं. रेपो फेब्रुवारीपासून उतरत डिसेंबरमध्ये 5.25 वर आला, म्हणजे आपलं फ्लोटिंग 7.9. आता 8.25 वाला चडफडतो. फ्लोटिंग कर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर गृहकर्जावर दंड नाही. फिक्स्डवर बँक तो लावू शकते, त्यामुळे त्याला दुसरीकडे जाणंही महागात पडतं.

माझं मत विचाराल तर, पगारातून हप्ता गेल्यावर पाच हजारांचीही सोय उरत नसेल, तर चढा दर सोसून फिक्स्ड घ्या, पण संपूर्ण मुदतीसाठी फिक्स्ड असेल तरच. दरवर्षी बोनसमधून मुद्दल कमी करणार असाल तर फ्लोटिंग. आणि फ्लोटिंग घेतलंत तर दर वाढल्याचा एसएमएस आला की हप्त्याकडे बघू नका, मुद्दलात किती गेले ते बघा.