जाड जॅकेट की तीन पातळ थर?

सप्टेंबरात दहा दिवस स्वित्झर्लंडला जायचं आणि सोबत एकच छोटी बॅग. झुरिकमध्ये दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो, पण ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला तापमान शून्याच्या आसपास असतं.

जाड जॅकेट घालायला सोपं, पण ते एकाच हवामानाचं. गरम ट्रेनमध्ये ते काढून मांडीवर घेऊन बसावं लागतं, बॅगेत घातलं तर पाव जागा खातं. शिवाय पिसांचं असेल तर भिजल्यावर पिसं चिकटतात आणि ऊब जाते.

माझं मत थरांच्या बाजूने. आत थर्मल, वर फ्लीस, त्यावर पातळ रेन जॅकेट. इंटरलाकेनच्या पावसात टी-शर्टवर नुसतं रेन जॅकेट, संध्याकाळी नुसतं फ्लीस, वर बर्फात तिन्ही. रेन जॅकेट घेताना आत फ्लीस घालूनच बघा. हात वर केल्यावर काखेत ताणलं, तर एक साइज मोठं घ्या.

बाकी चार टॉप आणि नेव्ही व करड्या रंगाच्या दोन पँट. प्रत्येक टॉप दोन्हींवर शोभला पाहिजे, म्हणजे आठ जोड्या होतात. जीन्स मात्र नको, रात्रभरात वाळत नाही. धुतलेला टी-शर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, की पुष्कळसं पाणी टॉवेल शोषतो आणि सकाळपर्यंत टी-शर्ट बहुधा वाळतो.

डिसेंबरात जाणार असाल, तर जाड जॅकेटच घ्या, पण ते अंगावर घालून विमानात बसा.