हाताला येणाऱ्या मुंग्यांसाठी रात्री मनगटाला बांधायचा पट्टा: थंडीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड तयार झाले की त्यातले जादा मणी कापायची विरळणी येते आणि त्या दिवसांत छोटी कात्री दिवसभर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत असते. गेल्या विरळणीत उजव्या हाताला मुंग्या सुरू झाल्या. दिवसा थोड्याच, पण रात्री दोन-तीनच्या सुमाराला हात इतका बधिर व्हायचा की जाग यायची. उठून बसायचं, हात खाली सोडून झटकायचा, मग पाच मिनिटांनी बोटं परत आपली वाटायची. घरात सगळे म्हणाले, हातावर झोपत असशील. तेल चोळलं, काही फरक पडला नाही.

नाशिकमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ताई, करंगळीला मुंग्या येतात का?" घरी गेल्यावर दोन-तीन रात्री नीट लक्ष ठेवायला सांगितलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू, एवढंच बधिर होत होतं. करंगळी शाबूत. अनामिका अर्धी जागी आणि अर्धी बधिर, हे मी टाचणीच्या डोक्याने टोचून पाहिलं तेव्हा मलाच नवल वाटलं.

त्याचं कारण त्यांनी हात धरून दाखवलं. मनगटात आठ छोटी हाडं कमानीसारखी बसलेली असतात आणि त्यांच्यावर तळव्याच्या बाजूने एक जाड, न ताणणारा पट्टा आडवा असतो. मधल्या अरुंद वाटेतून बोटं मिटणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायूंचे कंडरे, आणि एकच नस जाते. ही मिडियन नर्व्ह. त्याच साडेतीन बोटांची जाणीव ती सांभाळते. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती वाचते. तळव्याच्या अंगठ्याकडच्या भागाची संवेदना नेणारी फांदीही बोगद्याच्या आधीच वेगळी होते, म्हणून तळवा बधिर होत नाही, फक्त बोटं होतात. कंडऱ्यांभोवतीचं आवरण सुजलं की जागा कमी पडते आणि सगळ्यात मऊ असलेली नस दबते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

रात्रीच का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. झोपेत आपण नकळत मनगट आत मुडपून घेतो. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला होता. निरोगी माणसात मनगट सरळ असताना तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, या रुग्णांमध्ये ३२. आणि मनगट वाकवल्यावर रुग्णांचा दाब ९४ वर गेला. इतक्या दाबाखाली नसेचा रक्तपुरवठा आटतो आणि ती बधिर होते. त्यात आडवं झाल्यावर पायातलं पाणी वर सरकतं, हातही थोडे सुजतात. हात झटकल्यावर बरं का वाटतं, ते यावरून कळतं: मनगट सरळ होतं आणि दाब उतरतो.

डॉक्टरांनी छातीसमोर दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावून बोटं खाली करून मिनिटभर धरायला सांगितली. अर्ध्या मिनिटातच त्याच बोटांत मुंग्या आल्या. मग नर्व्ह कंडक्शनची तपासणी झाली. बारीक झटके बसतात, पण सहन होतात. मनगटापाशी मिडियन नसेचा संदेश मंदावलेला निघाला, करंगळीची नस ठीक. थायरॉइड, साखर आणि बी-१२ सुद्धा तपासलं, कारण त्यांच्यातल्या बिघाडानेही हातात मुंग्या येतात. माझे रिपोर्ट बरोबर आले.

आता पट्ट्याबद्दल, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. मेडिकलमध्ये 'रिस्ट स्प्लिंट' मागितला की बहुतेक वेळा कॉक-अप स्प्लिंट मिळतो. तळव्याच्या बाजूला एक खिसा असतो आणि त्यात ॲल्युमिनियमची पट्टी. ही पट्टी घरी आली तेव्हा मनगट वीस-तीस अंश मागे वाकेल अशी वळवलेली होती. हात लुळा पडलेल्या माणसाला त्या कोनाचा उपयोग होतो, आपल्याला नाही. मनगट मागे वाकवलं तरी दाब वाढतोच, त्याच मोजणीत तो पुढे वाकवल्यापेक्षाही जास्त निघाला होता. डॉक्टरांनी पट्टी खिशातून काढून टेबलाच्या कडेवर दाबून सपाट केली आणि परत घातली. मग कोपर टेबलावर टेकवून बाजूने पाहिलं: हाताची मागची बाजू आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग एका सरळ रेषेत. हे दुकानात कुणी सांगत नाही. तुमचा पट्टा आजच बाजूने पाहा.

दुसरी गोष्ट लांबीची. पट्ट्याची कड तळव्यावरच्या आडव्या रेषेच्या आत संपली पाहिजे, म्हणजे मूठ पूर्ण मिटते. पुढे आला तर बोटं आखडतात आणि सकाळी हात दुखतो. बंद एवढे आवळायचे की खाली एक बोट सरकेल. घट्ट आवळला तर पट्टाच दाब देतो.

पहिल्या काही रात्री काहीच बदल नव्हता, मी चिडूनच होते. दोन-तीन आठवड्यांत जाग येणं कमी झालं आणि दीड-दोन महिन्यांत बहुतेक रात्री सलग झोप लागू लागली. डॉक्टरांनी किमान सहा आठवडे रोज रात्री वापरायला सांगितलं होतं, मध्ये खंड न पाडता. थंडीत बरा वाटला. एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत मात्र घामाने आतला कपडा ओला व्हायचा, आत पातळ सुती मोजा कापून घातला तेव्हा पुरळ थांबलं. वेलक्रोत धागे अडकून तो सैल पडतो, जुन्या टूथब्रशने साफ करावा.

काय सुटलं नाही तेही सांगते. दुचाकी चालवताना आणि मोबाईल उंच धरताना अजून मुंग्या येतात. पट्टा रात्री मनगट मुडपू देत नाही, पण दिवसाचं काम बदलत नाही. म्हणून या वर्षी विरळणीत आम्ही पाळ्या लावणार आहोत. आणि काही लक्षणं दिसली तर पट्ट्यावर वेळ घालवू नये: बोटं दिवस-रात्र बधिर राहणं, बटण लावता न येणं, वस्तू हातातून सुटणं, अंगठ्याच्या बुडाचा फुगीर गोळा बसका होणं. म्हणजे नस मार खातेय. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा मनगटाच्या आतला तो आडवा पट्टा कापण्याचं छोटं ऑपरेशन यांचा विचार डॉक्टर करतात. गरोदरपणात हा त्रास अनेकींना होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेकदा उतरतो, तेव्हा तिथे पट्टा हाच पहिला उपाय असतो.

माझं पाहून जाऊबाईंनीही हाच पट्टा घेतला. त्यांना करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत होत्या. महिनाभर बांधून काडीचा फरक नाही. डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने ठोकलं आणि झटका थेट करंगळीत गेला. त्यांची नस कोपरात दबत होती, कारण त्या कोपर पूर्ण दुमडून, हात गालाखाली घेऊन झोपतात. आता त्या रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळतात, म्हणजे कोपर दुमडत नाही. पट्टा मी परत घेतला, डाव्या हाताला लागेल म्हणून.