रेझ्युमेत केस स्टडी: चार बुलेट की एक?

बाणेरच्या आमच्या ऑफिसात यूएक्स डिझायनरच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे मी वाचते. केस स्टडी मांडायच्या दोन तऱ्हा त्यांत दिसतात. एकच काम दोन्ही तऱ्हांनी लिहून दाखवते. काम आणि आकडे उदाहरणापुरते आहेत: घरी येऊन रक्ताचा नमुना नेणाऱ्या लॅबचं अ‍ॅप. रेझ्युमे अर्थात इंग्रजीतच जाईल.

चार बुलेट

- अडचण: बुकिंग करताना १०० पैकी ४२ जण पत्त्याच्या पानावरून परत जात.
- संशोधन: पेठांतल्या ८ जणांना त्यांच्या घरी अ‍ॅप वापरताना पाहिलं, ६ जण ‘विंग’च्या रकान्यात अडले.
- निर्णय: विंग आणि सोसायटी ऐच्छिक केली, ‘जवळची खूण’ वर आणली. नकाशावरची पिन सक्तीची केली नाही, कारण बोळात ती शेजारच्या वाड्यावर पडत होती.
- निकाल: पत्ता पूर्ण करणारे १०० पैकी ५८ वरून ७१, बदलाआधीचे ४ आठवडे आणि नंतरचे ४.

एकच बुलेट, निकाल आधी

- पत्ता पूर्ण करणारे १०० पैकी ५८ वरून ७१ वर नेले (४-४ आठवडे). ८ घरभेटींवरून फॉर्म बदलला.

दुसरी पटकन वाचून होते. सहा-सात वर्षं काम झालेल्याला तीच सोयीची, नाहीतर चार प्रोजेक्ट एका पानात बसायचे नाहीत. पण तिच्यात पिनची गोष्ट गळाली, आणि इंटरव्ह्यूत मी पहिला प्रश्न नेमका तिच्यावर विचारला असता. काय केलं ते बरेच जण लिहितात. काय सोडलं आणि का, हे क्वचित कुणी लिहितं. म्हणून अनुभव तीनेक वर्षांचा असेल तर मी म्हणेन, सगळ्यात चांगलं काम चार बुलेटमध्ये, बाकीची एकेका ओळीत.

आकडे मात्र दोन्हीकडे सारखेच फसवतात. ५८ चे ७१ झाले म्हणजे वाढ २२ टक्के, हे गणित बरोबरच आहे. पण नुसतं ‘२२ टक्के वाढ’ लिहिलंत तर वाचणारा ५८ मध्ये २२ मिळवून ८० धरतो. दोन्ही आकडे द्या. तसंच ८ पैकी ६ जणांचे ‘७५ टक्के वापरकर्ते’ करू नका. एवढ्या थोड्या माणसांवरून माणूस कुठे अडतो ते कळतं, किती जण अडतात ते नाही.

आणि नंतरचे चार आठवडे गणपतीत आले असतील, किंवा लॅबनं तेव्हाच सवलत काढली असेल, तर ७१ चं श्रेय फॉर्मला देता येत नाही. हे मी विचारतेच. डिझाइन बाजारात गेलंच नसेल तर चाचणीतला निकाल लिहा: ‘८ पैकी ७ जणांनी न विचारता पत्ता भरला’. मला तेवढं चालतं.