चिकमगळूर की कोडगू? कॉफीचा मळा बघायला आणि बिया घ्यायला

कर्नाटकातल्या या दोन्ही जिल्ह्यांत अरेबिका आणि रोबस्टा, कॉफीच्या दोन्ही जाती पिकतात. फरक आहे तो प्रमाणाचा. चिकमगळूरला बाबाबुडनगिरीच्या उंच उतारांवर अरेबिका जास्त. चव सौम्य, किंचित आंबटसर; काळी कॉफी पिणाऱ्याने तिकडेच जावं. कोडगूत रोबस्टाचं राज्य. ती दाट आणि कडसर असते, दूध घातलं तरी हरवत नाही. घरी फिल्टर कॉफी होत असेल तर मी कोडगू म्हणेन.

आता महिना. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची जानेवारी ते मार्च. म्हणजे नाताळच्या सुट्टीत चिकमगळूर, फेब्रुवारीत कोडगू. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण खळं रिकामं असतं आणि पायाला जळवा लागतात त्या वेगळ्याच.

मळ्यात झाडांपेक्षा खळ्यावर जास्त वेळ घालवा. फळाची साल काढून, आंबवून, धुऊन वाळवलेल्या बिया फिकट पिवळट दिसतात. अख्खं फळच वाळवलं तर ते काळपट पडतं. तोडणीच्या टोपल्यांत लाल फळांत हिरवी किती मिसळली आहेत ते पाहा. हिरवी जास्त असतील तर कॉफी तुरट लागते. बियांचा थर पातळ आहे का, तो दिवसातून किती वेळा फिरवतात, हे विचारा. जाड आणि न हलवलेल्या थराला कुबट वास येतो, आणि तो भाजल्यावरही जात नाही.

खरेदीत एक गंमत आहे. समोर वाळत असलेली कॉफी तुम्हाला मिळत नाही. बहुतेक मळे माल टरफल काढायला आणि प्रतवारीला बाहेरच्या कारखान्यात पाठवतात, त्यामुळे डिसेंबरात मिळणारं पाकीट बहुधा गेल्या हंगामाचं असतं. त्याने बिघडत नाही; भाजणी ताजी हवी. म्हणून विचारायचं ते असं: बी याच मळ्यातलं का? कोणत्या हंगामाचं? कधी आणि कुठे भाजलं? उत्तर गुळमुळीत आलं तर ते पाकीट बाजारातून आणून ठेवलेलं असू शकतं. भाजल्याची तारीख नसेल तर मी घेत नाही.

पाकिटावरचं ‘एए’ हे बियांच्या आकाराचं माप आहे, चवीचं नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. पूड असेल तर तिच्यात मिसळलेल्या चिकोरीचं, म्हणजे भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण वाचा. शक्यतो अख्ख्या बियाच घ्या, कारण त्या ओळखता येतात: अरेबिका लांबट, मधली रेघ नागमोडी, रोबस्टा गोलसर, रेघ बरीचशी सरळ. अरेबिका म्हणून रोबस्टा गळ्यात मारली जात असेल तर तिथल्या तिथे कळतं. पाव किलो पुरे. महिनाभरात संपेल इतकंच घ्या, कारण नंतर वास उतरत जातो.