फवारणी पंप : ८ एएच घ्यावा की १२ एएच? आठ महिने वापरून सांगतो

गेल्या जूनमध्ये बेळगावच्या रविवार पेठेतून मी आणि माझ्या चुलतभावाने एकाच कंपनीचे १६ लिटरचे बॅटरी पंप आणले. मी ८ एएचचा घेतला, त्याने १२ एएचचा. मोटर तीच, टाकी तीच, नोझलही तेच. फरक फक्त बॅटरीचा आणि सातशे रुपयांचा.

आधी एक गैरसमज काढतो. मोठी बॅटरी म्हणजे जोरदार फवारा, असं आमच्या शिवारात बरेच जण धरून चालतात. आम्ही दोन्ही पंप पूर्ण चार्ज करून नोझलखाली लिटरची बाटली धरली. दोन्हींना भरायला सत्तर सेकंदच लागले. जोर मोटर आणि नोझल ठरवतात. बॅटरी ठरवते किती वेळ चालणार.

या हिशेबाने एक टाकी संपायला साधारण एकोणीस मिनिटं लागतात. माझं सोयाबीन तीस गुंठे, त्याला सात-आठ टाक्या. माझा पंप नऊ टाक्या ओढतो, म्हणजे माझं भागतं. भावाचं दीड एकर, त्याला पंधरा टाक्या लागतात आणि १२ एएचवर त्या एका दिवसात होतात. एकदा त्याच्या रानात मी माझा पंप नेला. दहाव्या टाकीला फवाऱ्याचा घेर आखडला, थेंब जाड पडायला लागले. तिथेच थांबलो, कारण असं औषध पानाला नीट लागत नाही, ओघळून खाली जातं.

मोठ्या बॅटरीला एक अडचण आहे, ती वजनाची. कांद्याच्या काट्यावर रिकामे पंप तोलले : माझा ५ किलो ६०० ग्रॅम, त्याचा ६ किलो ९००. वाचताना सव्वा किलो काहीच वाटत नाही, पण त्यावर सोळा लिटर पाणी चढतं आणि पावसात चिखलाच्या सरीतून चालायचं असतं. तिथे वहिनी बारा लिटरच भरतात. टाक्या वाढतात, पण खांदे धरत नाहीत. घरात फवारणी बाईमाणूस किंवा वयस्कर माणूस करणार असेल तर मी हलकाच सुचवेन.

चार्जिंगला माझ्या पंपाला पाच-सहा तास लागतात, भावाच्याला आठ. रात्री लाईट गेली की त्याचा अर्धवट राहतो.

आता माझी चूक. दिवाळीनंतर पंप तसाच माळ्यावर टाकला, बॅटरी निम्मी उतरलेली. जानेवारीत बटाट्यावर औषध मारायला काढला तर रात्रभर चार्ज करूनही सहा टाक्यांत दम संपला. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आत सल्फेट जमतं आणि गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. भावाने काम नसतानाही महिन्याला एकदा चार्ज केला, त्याचा अजून तेवढाच चालतो.

एक एकराच्या आत रान असेल तर सातशे रुपये वाचवा. त्याहून जास्त असेल आणि उचलणारा तगडा असेल तर १२ एएच घ्या.