लॅमिनेटेडचे पैसे घेतले, टफन्ड काच बसवली

जुन्या मॉडेलच्या गाडीची पुढची काच बदलून घेणार असाल, तर आधी हे वाचा आणि मगच पैसे द्या. माझ्याकडून लॅमिनेटेड काचेचे पैसे घेतले आणि गाडीला टफन्ड काच लावून दिली. ते कळलं तेव्हा गाडी चांगल्या वेगात होती.

पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि काचेवर आपटला. अशा वेळी काचेला टवका जातो, फार तर एखादी चीर पडते. इथे मात्र अख्खी काच क्षणात पांढरी पडली आणि समोरचं काहीच दिसेना. बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून मी गाडी कशीबशी कडेला घेतली. थांबल्यावर काचेला बोट लावलं, तर त्या जागी भोक पडलं आणि बोथट कडांचे बारीक चौकोनी तुकडे डॅशबोर्डवर ओघळले.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं. "ताई, काच लॅमिनेटेडच होती, दगड मोठा लागला असेल." पण दगड कितीही मोठा असला तरी लॅमिनेटेड काच अशी फुटत नाही, आणि फसवणुकीचा पुरावा नेमका त्या तुकड्यांतच होता.

लॅमिनेटेड म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन साध्या काचा आणि त्यांच्यामध्ये उष्णता व दाबाने चिकटवलेला पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर. हा थर बहुधा 0.76 मिलिमीटरचा असतो. खडा लागला की बाहेरची काच तडकते, पण चीर प्लास्टिकपाशी अडते आणि आतली काच बहुतेक वेळा शाबूत राहते. धडक जोरदार असेल तर दोन्ही काचा जाळ्यासारख्या तडकतात, तरी तुकडे प्लास्टिकला चिकटून राहतात. काच आत वाकते, पण चौकट सोडत नाही. त्यामुळे माणूस बाहेर फेकला जाण्याचा धोका कमी होतो. शेजारच्या सीटसमोरची एअरबॅगही बऱ्याच गाड्यांत फुगताना याच काचेचा आधार घेते.

टफन्ड काच एकच असते. ती सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो. म्हणून बाहेरच्या थरात दाब आणि आत ताण कायमचा कोंडला जातो. वरवरचा मार ती साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त सोसते. पण एखादी टोकदार वस्तू तो दाबाचा थर भेदून ताणापर्यंत पोचली की चीर सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पसरते आणि सबंध काचेचा एकदम चुरा होतो. तिथे "थोडी तडकली" हा प्रकारच नाही. दारांच्या खिडक्यांना हा गुण उपयोगी पडतो, कारण तुकडे सुरीसारखे कापत नाहीत आणि अडकलेल्या माणसाला बाहेर काढता येतं. खिडकीच्या कोपऱ्यात टोकदार हातोडी मारायला सांगतात ती याचसाठी. लॅमिनेटेड काचेवर मात्र त्या हातोडीने वाट होत नाही, आणि काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, हे माहीत असू द्या.

तेव्हा माझ्या डॅशबोर्डवर पडलेले सुटे दाणे, एकावरही प्लास्टिकचा पापुद्रा नाही, हे लॅमिनेटेड काचेचे असूच शकत नव्हते. मी ते पिशवीत भरून दुकानात नेले. मग त्याने बिल पुढे केलं. बिलावर "सेफ्टी ग्लास" एवढंच होतं, आणि दोन्ही काचा सेफ्टी ग्लासमध्येच मोडतात! पळवाट त्याने आधीच लिहून ठेवली होती. या लबाडीचा मला आजही संताप येतो, कारण इथे प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता.

काही जुन्या गाड्यांना पूर्वी कारखान्यातूनच टफन्ड पुढच्या काचा येत, म्हणून त्या मापाच्या काचा अजून मिळतात. काही काचांत चालकासमोरचा पट्टा मोठ्या तुकड्यांत फुटेल असा बनवलेला असे, म्हणजे निदान थोडं दिसत राहायचं. मला लावलेल्या काचेत तेवढीही सोय नव्हती.

काच बसवण्याआधी तिची कड उजेडात धरून बघा. लॅमिनेटेड असेल तर दोन काचांमधली प्लास्टिकची रेघ दिसते. एकदा रबरात बसली की कड झाकली जाते. कोपऱ्यातला शिक्का वाचा, त्यावर बऱ्याचदा लॅमिनेटेड की टेम्पर्ड, म्हणजेच टफन्ड, ते छापलेलं असतं. शिक्क्यावर स्टिकर चिकटवलेला असेल तर तो काढायला लावा. माझ्या काचेवर होता. काच आधीच बसलेली असेल तर पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाच्या उजेडात तिरकं बघा. मागच्या काचेवर गडद ठिपक्यांची नक्षी दिसते, ती थंड करणाऱ्या झोतांची खूण. तशीच नक्षी पुढच्या काचेवर दिसली तर ती टफन्ड आहे. बिलावर "लॅमिनेटेड विंडशील्ड" असे शब्द लिहून घ्या आणि काच रबरात जाण्याआधी तिच्या कडेचा आणि शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.